मात्रागणना : अहिराणी भक्तिरचनेतील

लघू अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन मात्रा धरून ओळीची लांबी स्थिर ठेवण्याची रीत. धुळे, जळगाव, नंदुरबार भागात कानबाई किंवा मुक्ताबाईवर अहिराणीत नवी पदे रचणारे अनेकदा सोळा मात्रांची ओळ निवडतात. छंदशास्त्रात तिला पादाकुलक म्हणतात. तिचे आठ-आठ मात्रांचे दोन भाग पडतात आणि भजनी ठेकाही आठ मात्रांचाच असल्याने ओळ टाळावर सहज बसते.

मोजण्याचा मूळ नियम थोडक्यात असा: अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघू आणि बाकीच्या स्वरांचे गुरू. स्पष्ट उच्चाराच्या अनुस्वाराने लघूही गुरू होतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर तेही गुरू होते. ‘भक्ती’तील ‘भ’ त्यामुळे दोन मात्रांचा.

कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. त्या प्रसंगासाठी सुचलेली पहिली ओळ अशी धरू:

उनी माय कानबाई घरमा

उनी ३, माय ३, कानबाई ७, घरमा ४. एकूण १७, म्हणजे एक मात्रा जास्त. ‘कानबाई’चे ‘कानबाइ’ केले की बेरीज सोळा होते. छंदासाठी ऱ्हस्व-दीर्घाची एवढी मोकळीक मराठी कवितेत मान्य आहे. पण बेरीज जुळूनही ओळ चालत नाही. आठवी मात्रा ‘का’वर संपते आणि देवीचे नाव ‘का’ आणि ‘नबाइ’ असे मधोमध तुटते. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण कागदावर चूक दिसत नाही. हाताने टाळी देत म्हटले की दुसरी टाळी नावाच्या पोटात पडते आणि दोष कानाला कळतो. उपाय मात्रा वाढवणे-कमी करणे हा नव्हे, शब्दांची जागा बदलणे हा आहे:

आज उनी शे । कानबाइ घर
नारय ठेवा । नवा पाटवर

पहिल्या ओळीचे दोन्ही अर्ध ३-३-२ असे चालतात: आज, उनी, शे; कानबाइ (कान, बाइ), घर. दुसऱ्या ओळीत आधी ४-४ (नारय, ठेवा) आणि मग पुन्हा ३-३-२. आतली विभागणी बदलली तरी आठाची सीमा शब्दाच्या शेवटी येते, म्हणून चाल मोडत नाही. उलट हा छोटा बदल ओळीला एकसुरी होऊ देत नाही.

अहिराणीतला खरा अडथळा ‘मन्हा’, ‘तुन्ही’ या सर्वनामांचा आहे. देवीशी बोलणाऱ्या पदात ती पावलोपावली येतात. लिहिताना ‘न्ह’ जोडाक्षर दिसते, पण तो महाप्राण ‘न’ आहे. मागच्या अक्षरावर त्याचा आघात नाही. मराठीतल्या ‘तुम्ही’चेही असेच.

तुन्ही सावली । मन्हा अंगवर

‘तु’ आणि ‘म’ लघू धरले की ८ आणि ८. पुस्तकी नियम डोळे झाकून लावला तर दोन्ही अर्ध ९ भरतात, आणि रचणारा चांगली ओळ दुरुस्त करायला जाऊन बिघडवतो. अशा जागी लिपीपेक्षा तोंडातल्या उच्चारावर विश्वास ठेवावा.

मधल्या लोपलेल्या ‘अ’ची मात्र काळजी नको. ‘घरमा’ बोलताना ‘घर्मा’ असे ऐकू येते. लिहिल्याप्रमाणे घ, र, मा मिळून चार. उच्चाराप्रमाणे ‘घर्’ गुरू आणि ‘मा’ गुरू, तरी चारच. शब्दाच्या शेवटी मात्र लिहिलेले अक्षर सोडू नये: ‘माय’ तीन मात्रांचाच मोजतात.

ही रीत ओवी-अभंगाच्या रीतीहून वेगळी आहे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’त मात्रांवर चालणाऱ्या ‘जाती’ आणि अक्षरांवर चालणारे ‘छंद’ असे वेगळे वर्ग मांडले. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्या अक्षरसंख्येवर उभ्या आहेत. तिथे लघू अक्षरही लांबवून म्हणता येते. वरच्या ओळींवरून फरक उघड दिसतो. सतरा मात्रांचा पहिला खर्डा धरून चारही ओळींत अक्षरे अकराच आहेत. अक्षरे मोजणाऱ्याला त्या खर्ड्यात काहीच खटकले नसते.

कानबाईची परंपरेने चालत आलेली गाणी मात्रांच्या मापाने तपासणे योग्य नाही. बाया ती गाताना स्वर ताणून किंवा ‘वं माय’ अशी भर घालून ठेका सांभाळतात. ते शब्द लेखी प्रतीत नसले तरी गाण्याचा भागच असतात. मात्रागणना उपयोगी पडते ती एका माणसाने लिहिलेले पद अनेकांनी, त्याची चाल आधी न ऐकता, एका सुरात म्हणायचे असते तेव्हा.