रात्रीच्या गाडीची यादी कशी बनली

पांघरूण, खाणं, चार्जर आणि साखळी-कुलूप. रात्रभराच्या रेल्वेप्रवासाची यादी कुणीही केली तरी या चार गोष्टी तिच्यात येतातच. चौघींच्या मागे एकच जुना वाद आहे: ही सोय गाडीने करायची की प्रवाशाने? त्याचं उत्तर वेळोवेळी बदलत गेलं, आणि गाडीने जे अंगावर घेतलं नाही ते आपल्या पिशवीत येऊन बसलं.

झोपायच्या डब्याची सुरुवात अमेरिकेत झाली. पेनसिल्व्हेनियातल्या कंबरलँड व्हॅली रेल्वेने 1830 च्या दशकाच्या अखेरीस एका डब्यात एकावर एक तीन फळ्या बसवल्या. वर खरबरीत गाद्या होत्या, पण चादर-पांघरूण काही नाही. लोक कपड्यांनिशी, बहुधा बुटांनिशीच आडवे व्हायचे आणि अंगावर कोट किंवा शाल ओढून घ्यायचे. जॉर्ज पुलमनने 1859 मध्ये शिकागो अँड ऑल्टन रेल्वेचे दोन जुने डबे बदलून झोपायचे केले. पहिल्या फेरीला डब्यावर असलेल्या कंडक्टरने पुढे आठवण सांगितली, की बूट काढून मग बर्थवर चढा, हे प्रवाशांना विनवून सांगावं लागत होतं.

पुलमनची खरी हुशारी मात्र 1865 च्या ‘पायोनियर’ या डब्यात दिसते. त्यातला वरचा बर्थ दिवसा छताकडे उचलून बंद करता यायचा, आणि त्या बंद पोकळीतच खालच्या-वरच्या दोन्ही बर्थची गादी, उशी, चादरी मावायच्या. बिछाना ठेवायला जागा मिळाली म्हणून बिछाना देणं परवडलं. म्हणजे तोवरची अडचण कापडाच्या खर्चाइतकीच ते दिवसभर ठेवायचं कुठे, ही होती.

बाकीच्यांना हे गणित इतक्या लवकर जमलं नाही. ब्रिटनमध्ये झोपायचे डबे 1873 मध्ये आले, पण तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला असा डबा मिळायला 1928 उजाडलं. तेव्हाही एका कप्प्यात चार बर्थ, आणि प्रत्येकाला उशी व घोंगडी. चादर नाही, कारण चादर दिली की ती रोज धुवावी लागते. भारतात वरचे वर्ग सोडले तर बिछाना प्रवाशाचाच होता, आणि वळकटी किंवा होल्डॉल हे सामानातलं सगळ्यांत मोठं नग असे. 1974 मध्ये तिसरा वर्ग नावापुरता संपला, तरी दुसऱ्या वर्गात लाकडी फळ्या राहिल्याच. मधू दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते. त्या वेळी त्या फळ्यांवर फोमच्या पातळ गाद्या बसवायला सुरुवात झाली, आणि वळकटीतली गादी अनावश्यक झाली. उरली चादर, पांघरूण आणि हवेची उशी.

आज वातानुकूलित वर्गांत मिळणाऱ्या संचात दोन चादरी, उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल असतो. दोन चादरी कशाला, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चादर प्रत्येक वापरानंतर धुतली जाते; ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतात, असं रेल्वेमंत्र्यांनी 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं. त्यामुळे एक चादर बर्थवर घालायची आणि दुसरी आपल्या अंगावर, ब्लँकेटच्या आत. दोन्ही खाली अंथरल्या तर ब्लँकेट थेट अंगाला लागतं. आणि हा संच कायमचा गृहीतही धरू नये: कोविडमुळे मार्च 2020 मध्ये तो बंद झाला आणि पुन्हा द्यायचा आदेश निघाला तो थेट मार्च 2022 मध्ये. साध्या शयनयान वर्गाच्या तिकिटात तो पूर्वापार नाहीच.

स्वतःची चादर नेताना ती पिशवीसारखी शिवून घेतलेली बरी. साधारण दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब चादर उभी दुमडायची, पायाकडची बाजू पूर्ण आणि कडेची बाजू दोन-तृतीयांश शिवायची. गुळगुळीत रेग्झिनवर सुटी चादर गाडीच्या हिसक्यांनी सरकत जाते आणि पहाटे पायाशी गोळा झालेली सापडते. पिशवीत आपलंच वजन असल्यामुळे ती जागेवर राहते. गुंडाळली तर जेमतेम पाण्याच्या बाटलीएवढी होते.

खाण्याचा इतिहास थोडक्यात आटपतो. सुरुवातीला गाडी मोठ्या स्टेशनावर थोडा वेळ थांबायची आणि सगळा डबा एकदम भोजनगृहावर तुटून पडायचा. पुलमनने 1868 मध्ये ‘डेल्मॉनिको’ हा खास जेवणाचा डबा काढला, पण गाडीतलं जेवण सगळ्यांना परवडणारं किंवा सगळ्या गाड्यांत मिळणारं कधीच झालं नाही. म्हणून घरून न्यायचा डबा यादीत राहिला. त्याला नियम एकच लावावा: ओलसर, शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांच्या आत संपवायचं, हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात. रात्रीचं जेवण गाडी सुटल्यावर लगेच, आणि सकाळसाठी फक्त कोरडं. उरलेली भाजी सकाळी नुसता वास घेऊन ठरवू नये. पोट बिघडवणाऱ्या पुष्कळ जंतूंना वासच नसतो.

चार्जर ही यादीतली सगळ्यांत नवी गोष्ट, आणि घोटाळे तिच्यातच जास्त. रेल्वेच्या डब्यातली वीज मुळात दिव्यापंख्यांसाठी होती. डबा धावताना चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेलं जनित्र फिरायचं, वीज बॅटऱ्यांत साठायची आणि गाडी उभी असताना तीच वापरली जायची. प्रवाशांसाठी पहिले सॉकेट आले ते दाढीच्या यंत्रापुरते, म्हणजे अगदी थोड्या वॅटचे. भारतीय डब्यांत दिव्यापंख्यांचा पुरवठा पुढेही 110 व्होल्टचा राहिला आणि मोबाइल चार्जिंगचे सॉकेटही त्याच्यावर जोडले गेले. त्यामुळे चार्जरच्या पाठीवर INPUT: 100–240V असं छापलंय का ते आधी पाहावं. बहुतेक फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ते असतंच आणि त्यांना काही होत नाही.

विजेची किटली मात्र वेगळी गोष्ट. 230 व्होल्टवर 1500 वॅट घेणारी किटली 110 व्होल्टवर सुमारे 340 वॅट घेते, कारण तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाणी काही लवकर उकळत नाही, पण तीन अँपिअरचा प्रवाह मात्र फोनसाठी टाकलेल्या वायरिंगमधून बराच वेळ वाहत राहतो. फोनच्या साध्या चार्जरला यातला दहावा हिस्साही लागत नाही. सॉकेट काळा पडणं, जळकट वास येणं, शेजारच्या चारही बर्थचा पुरवठा जाणं हे त्याचे परिणाम. गाडीत अशा उपकरणांना बंदी आहे ती याचसाठी.

डिसेंबर 2013 मध्ये बंगळुरू-नांदेड एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्याला पहाटे आग लागून 26 प्रवासी गेले. त्यानंतर रात्री चार्जिंग बंद ठेवण्याच्या सूचना निघाल्या, आणि 2021 पासून रात्री 11 ते पहाटे 5 सॉकेट बंद ठेवण्यावर भर दिला गेला. झोपलेल्या माणसाला तापलेला चार्जर कळत नाही, हे त्यामागचं कारण. म्हणजे सबंध रात्र सॉकेट आहे असं धरून निघणं चूक. फोन 11 च्या आधी भरायचा आणि पुढची सोय पॉवर बँकेवर ठेवायची.

ती किती मोठी हवी, याचा हिशोब असा. 10,000 एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टचा असतो, म्हणजे 37 वॉट-तास. व्होल्टेज बदलताना आणि केबलमध्ये थोडं जातं, फोन स्वतः तापतो त्यातही जातं. हातात साधारण 28 ते 30 पडतात. 5,000 एमएएचच्या फोनला सुमारे 19 लागतात. म्हणजे फोन दीड वेळा भरतो, खोक्यावरचा आकडा पाहून वाटतं तसा दोनदा नाही. एका रात्रीला हे पुरे. झोपताना फोन विमान-मोडवर टाकला तर आणखी वाचतं, कारण धावत्या गाडीत तो टॉवर शोधण्यात बॅटरी घालवतो. पॉवर बँक उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नये. उष्णता बाहेर पडायला वाट लागते.

आता सामान. लोखंडी ट्रंकांच्या काळात जड सामान पावती घेऊन ब्रेकव्हॅनमध्ये जायचं आणि जबाबदारी रेल्वेची असायची. बर्थजवळ ठेवलेल्या सामानाचं काय, हा प्रश्न झोपायच्या डब्यांबरोबरच आला. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने 1870 च्या दशकात पुलमन कंपनीच्या एका खटल्यात सांगितलं, की झोपायचा डबा म्हणजे खाणावळ-धर्मशाळा नव्हे. पाहुण्याच्या चीजवस्तूची जशी मालकावर पूर्ण जबाबदारी असते तशी इथे नाही. भारताच्या 1989 च्या रेल्वे कायद्यातलं कलम 100 याच वळणाचं आहे. पावती करून दिलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेची. सोबत बाळगलेल्या सामानाची भरपाई हवी तर रेल्वेचा हलगर्जीपणा प्रवाशाने सिद्ध करायचा. कमरेच्या पट्ट्यातून चोरीला गेलेल्या एक लाख रुपयांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये रेल्वेला जबाबदार धरलं नाही. साखळी-कुलूप यादीत आहे ते या कायद्यामुळे.

खालच्या बर्थखाली तारेच्या कड्या असतात. साखळी दीड मीटरची असली तर दोन बॅगांना पुरते. ती बॅगेच्या शिवलेल्या मुख्य हँडलमधून ओवायची. बाजूचा प्लास्टिकचा फास किंवा चेनची दोन टोकं यांत नाही. चेनचं आणखी एक दुखणं आहे. बॉलपेनचं टोक दातांमध्ये दाबलं की चेन मधूनच उसवते, आणि कुलूप लावलेले चेनचे सरकते धावक पुन्हा एकदा त्यावरून फिरवले की पूर्ववत बंद दिसते. आत हात जाऊन गेला हे मालकाला घरी पोचल्यावर कळतं. उपाय सोपा आहे: कुलूप दोन धावकांना एकमेकांत न लावता बॅगेच्या पक्क्या कडीला अडकवायचं, म्हणजे धावक हलत नाहीत आणि उसवलेली चेन उघडीच राहते. चोरी यामुळे थांबत नाही, पण लपत नाही.

1970 च्या दशकात सूटकेसला चाकं आली आणि नवा त्रास सुरू झाला. गाडीने ब्रेक मारला की बर्थखालची बॅग घरंगळत शेजारच्या रांगेत जाते. चाकांची बाजू भिंतीकडे करून ती आडवी झोपवावी. पैसे, ओळखपत्र, औषधं आणि फोन या बॅगेत नकोतच. त्यांची लहान पिशवी डोक्याखाली, पट्टा मनगटाला. किल्लीही तिच्यातच, पण वरच्या कप्प्यात. पहाटे चारला उतरायचं असेल तर गजर स्टेशनच्या अर्धा तास आधीचा लावावा: अंधारात वाकून साखळी सोडवायला दहा मिनिटं सहज जातात, आणि छोट्या स्टेशनावर गाडी दोनच मिनिटं थांबते.