‘काल्लिग्राफिको’: इटालियन समीक्षेतलं एक विशेषण आणि त्याचं साल

इटालियन कलासमीक्षेत विशेषणाचा भाव कालांतराने उतरतो, हे नवं नाही. 1550 साली फ्लोरेन्समध्ये छापल्या गेलेल्या कलावंत-चरित्रांत ‘मानिएरा’ हा बहुतेक वेळा गौरवाचा शब्द होता, म्हणजे कमावलेली शैली. सतराव्या शतकात तोच साचेबद्धपणाचा ठपका झाला. आजच्या चित्रपट परीक्षणात ‘दी मानिएरा’ दिसलं, तर ती टीकाच समजावी.

अनुवादकाची खरी अडचण मात्र ‘काल्लिग्राफिको’ने केली आहे. शब्दशः तो सुलेखनाशी जोडलेला, त्यामुळे मराठीत ‘सुबक’ किंवा ‘कोरीव’ लिहायचा मोह होतो. पण 1930च्या दशकाच्या सुरुवातीला इटालियन साहित्यात आशयवादी विरुद्ध शैलीवादी असा वाद पेटला होता आणि शैलीवाद्यांना ‘काल्लिग्राफी’ म्हणून डिवचलं जायचं. तेच हत्यार पुढे सिनेमावाल्यांच्या हाती आलं. 1942 मध्ये एका रशियन कथेवरून एक इटालियन चित्रपट निघाला. वेशभूषा, प्रकाशयोजना, चौकटींची मांडणी, सगळं अत्यंत देखणं. सिनेमाने रस्त्यावर उतरावं, शेतकरी आणि मच्छीमार दाखवावेत, असं म्हणणाऱ्या रोममधल्या तरुण समीक्षकांनी अशा चित्रपटांना झोडपलं. त्यांच्या लेखी या शब्दाचा अर्थ एवढाच: घोटीव, पण जीव नसलेलं, आणि देशातल्या वास्तवाकडे पाठ फिरवणारं.

युद्धानंतर नववास्तववादाची सरशी झाली आणि हा निकाल कायम झाल्यासारखा वाटला. 1970च्या दशकात फासिस्ट काळातले चित्रपट पुन्हा पाहिले गेले. प्रचारपटांच्या गर्दीत हा रेखीवपणा म्हणजे सत्तेपासून राखलेलं अंतर होतं, असं काही अभ्यासक मांडू लागले. मला हे म्हणणं बरंचसं पटतं. तेव्हापासून चित्रपट इतिहासात ‘काल्लिग्राफिझ्मो’ हे एका प्रवाहाचं साधं नाव आहे.

म्हणून आधी लेखाचं साल बघावं. 1942च्या परीक्षणात ‘निर्जीव नक्षीकाम’ चालेल. चाळीस वर्षांनंतरच्या इतिहासलेखनात ‘शैलीप्रधान प्रवाह’ म्हणणंच न्यायाचं. आजच्या परीक्षणात शेजारचे शब्द तपासावेत. जवळच ‘फ्रेद्दो’ म्हणजे थंड, किंवा ‘कॉम्प्याचूतो’ म्हणजे स्वतःवरच खूश, असं आलं असेल, तर जुना ठपका अजून जिवंत आहे.

‘दिस्क्रेतो’ची गोष्ट याहून सोपी, तरी चुका याच्याच जास्त होतात. इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मजकुरात तो ‘संयत’ होऊन बसतो. इटालियन शाळेत मात्र हा साधारण 10 पैकी 7 गुणांचा शेरा: ‘सुफिचिएन्ते’च्या वर, ‘बुओनो’च्या खाली. चित्रपटाला लावलेल्या ‘दिस्क्रेतो’साठी ‘बऱ्यापैकी’ हा आपला शब्द नेमका बसतो. व्यक्तीच्या स्वभावाबद्दल आला, तर मात्र ‘संयत’ बरोबर.

‘दिन्यितोजो’ला ‘भारदस्त’ म्हणू नये. परीक्षणात त्याचा अर्थ बहुधा ‘लाज राखली’ एवढाच असतो.