पेटी कॅशची रक्कम बांधून ठेवा: इम्प्रेस्ट पद्धत
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इम्प्रेस्ट पद्धतीत पेटीची रक्कम एकदाच ठरते. समजा, ती 5,000 रुपये आहे. मग कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी पेटी उघडली, तरी आतली रोकड आणि खर्चाची व्हाउचर्स यांची बेरीज 5,000च यायला हवी. पेटी एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी, आणि तपासणी मात्र दुसऱ्याने, तीही न सांगता करावी.

पैसे संपत आले की पेटी पुन्हा भरायची. इथेच सर्वाधिक गफलत होते, म्हणून एक उदाहरण नीट पाहू. पेटीत 1,340 रुपये रोख उरले आहेत. व्हाउचर्स अशी: कुरिअर 1,150, स्टेशनरी 980, प्रवास 860, चहापाणी 620, एकूण 3,610. रोकड मिळवली की 4,950 होतात, म्हणजे 50 रुपये कमी आहेत. आधी शोधा: एखादी पावती लिहायची राहिली का, सुटे देताना चूक झाली का? सापडलेच नाही, तर मालकाच्या सहीने ते 50 ‘रोख तूट’ म्हणून दाखवा. खिशातून गुपचूप भरून टाकू नका; तूट वारंवार येते आहे हे मग कधीच कळणार नाही.

आता बँकेतून 3,660 काढा. त्याची नोंद करताना चारही खर्च आणि तूट आपापल्या खात्यात नावे टाका आणि बँक जमा करा. पेटी कॅश खात्याला हात लावायचा नाही. तिथे पहिल्या दिवसापासूनचे 5,000 तसेच राहतात. वापरलेल्या प्रत्येक व्हाउचरवर लगेच ‘अदा’ असा शिक्का मारा, नाहीतर तेच व्हाउचर पुढच्या वेळी पुन्हा लागू शकते.

‘सरळ 4,000 काढू, सोपं पडेल’ असा मोह होतो. तसे केले तर पेटीत 5,340 होतात आणि ताळा करायला ठरलेला आकडाच उरत नाही. रक्कम खरोखर अपुरी पडत असेल तर ती वाढवण्याचा निर्णय घ्या आणि फक्त त्या वाढीची नोंद पेटी कॅश खात्यात करा.

कोणाला खरेदीसाठी 500 आगाऊ दिले, तर त्याच्या सहीची चिठ्ठी पेटीत ठेवा. तोवर ती ताळ्यात धरायची. तो 320 चे बिल आणि 180 परत घेऊन आला की चिठ्ठी रद्द करून 320 चे व्हाउचर ठेवा. पगारातली उचल मात्र या पेटीतून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या चिठ्ठ्या महिनोन्‌महिने पडून राहतात आणि बेरीज जुळत असूनही पेटीत पैसे नसतात.

वर्षअखेरीस, पेटीत बरेच पैसे शिल्लक असले तरी, शेवटच्या दिवशी ती भरून घ्या. न भरल्यास त्या व्हाउचर्सचा खर्च पुढच्या वर्षात जातो आणि ताळेबंदात नसलेली रोकड दिसते.