120 घरांत किती दारं ठोठवायची?

साताऱ्यात गोडोलीकडे 120 फ्लॅटची एक सोसायटी आहे असं समजा. पाण्याचं बिल आजवर सगळ्यांवर सारखं वाटलं जातं. आता प्रश्न निघालाय की प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर बसवायचा का. सभेला नेहमीचीच पंधरा-वीस माणसं येतात, म्हणून कमिटी ठरवते की आधी काही घरांचं मत घेऊन अंदाज काढू. मग वाद सुरू होतो तो किती घरांना विचारायचं यावर.

एक जण म्हणतो, दहा टक्के पुरे, म्हणजे 12 घरं. दुसऱ्याने इंटरनेटवर वाचलेलं असतं की कुठल्याही सर्वेक्षणाला 385 माणसं लागतात. मुळात घरंच 120, तर 385 आणायची कुठून?

तो 385 चा आकडा खोटा नाही. उत्तरात पाच टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक चालणार असेल आणि शंभरातल्या 95 वेळा तरी अंदाज त्या हद्दीत यावा असं वाटत असेल, तर मोठ्या लोकसंख्येसाठी साधारण एवढी माणसं लागतात. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख होती. त्या 30 लाखांसाठीही 385 आणि अख्ख्या महाराष्ट्रासाठीही जवळपास 385च. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं घरचं आहे की लग्नाचं याने फरक पडत नाही, भात नीट ढवळलेला असला म्हणजे झालं. दहा टक्क्यांचा नियम म्हणूनच कामाचा नाही. जिल्ह्यात तो तीन लाख माणसांना विचारायला लावेल, आणि सोसायटीत फक्त 12 घरांना. त्या 12 घरांवरून काढलेला अंदाज 27 टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. म्हणजे साधारण 60 टक्के ‘हो’ आले, तर खरं उत्तर 33 पासून 87 पर्यंत कुठेही असू शकतं.

पण पातेलंच एवढंसं असेल आणि चाखता चाखता निम्मा भात संपला असेल, तर? मग उरलेल्या निम्म्याबद्दलच शंका राहते. संख्याशास्त्रात याला ‘फायनाइट पॉप्युलेशन करेक्शन’ म्हणतात, आपण मर्यादित समूहाची दुरुस्ती म्हणू. चूक मोजायचं नेहमीचं सूत्र असं धरून चालतं की समूह अमर्याद आहे आणि कितीही जणांना विचारलं तरी न विचारलेले तेवढेच उरतात. सोसायटीत तसं होत नाही. ज्या घराने उत्तर दिलं त्या घरापुरती अनिश्चितता संपली.

आता चिठ्ठ्या टाकून 60 घरं निवडली आणि त्यातल्या 36 घरांनी ‘मीटर हवा’ म्हटलं असं धरू. म्हणजे 60 टक्के. नेहमीच्या सूत्राने चूक किती होऊ शकते याची मर्यादा येते 12.4 टक्के. त्यामुळे खरा आकडा 47.6 पासून 72.4 पर्यंत कुठेही असू शकतो. बहुमत आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आता दुरुस्ती लावू. ती अशी:

√((N − n) / (N − 1))

N म्हणजे एकूण घरं, n म्हणजे विचारलेली घरं. वर उरलेली 60 घरं आली, खाली 119. (खाली 120 का नाही? एकाच घराला विचारलं तर कसलीच सवलत मिळायला नको, आणि 119 भागिले 119 बरोबर 1 येतात.) वर्गमूळ निघतं 0.71. याने 12.4 ला गुणलं की मर्यादा 8.8 टक्क्यांवर येते आणि पट्टा होतो 51.2 ते 68.8. तीच घरं, तीच उत्तरं, पण आता बहुमत मीटरच्या बाजूने आहे असं म्हणता येतं.

यात हातचलाखी काही नाही. 36 ‘हो’ हातात आहेत. बहुमताला 61 लागतात, म्हणजे उरलेल्या 60 घरांतून फक्त 25 ‘हो’ यायला हवेत. सोसायटी खरं तर निम्मी-निम्मी विभागलेली असती, तर चिठ्ठीतून 36 किंवा जास्त ‘हो’ निघण्याची शक्यता शंभरात साधारण दोन इतकीच आहे.

निम्म्या घरांना विचारूनही चूक निम्मी झाली नाही, हे मात्र ध्यानात घ्या. हा वर्गमुळाचा प्रताप. दुरुस्तीने चूक अर्ध्यावर आणायची तर 90 घरांना विचारावं लागतं. आणि पाच टक्क्यांची मर्यादा हवी असेल तर 385 नकोत, पण 92 हवेत. हे ऐकून कमिटी वैतागते, आणि ते साहजिक आहे. एवढी दारं ठोठवायची तर सगळीच ठोठवून मोकळं व्हावं, असं माझंही मत आहे. दहा टक्क्यांच्या मर्यादेवर भागत असेल तर 54 घरं पुरतात.

उलट टोकाला, समूहातल्या पाच टक्क्यांहून कमी जणांना विचारलं असेल तर ही दुरुस्ती सहसा सोडून देतात, कारण चूक जेमतेम अडीच टक्क्यांनी घटते. निवडक शेतांतला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढतात त्या पीक कापणीच्या प्रयोगात असंच असतं. शेतं लाखो, निवडली जातात मूठभर. या प्रयोगांची पद्धत भारतात घडवणाऱ्यांपैकी पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म 1911 चा. 1940 च्या दशकात त्यांनी एक वेगळीच अडचण दाखवून दिली. शेतात आखलेला तुकडा फार लहान असेल तर कडेवरची रोपं आत धरण्याकडे कल होतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त. त्यामुळे उत्पादन खऱ्यापेक्षा वाढीव दिसतं. असे कितीही तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती एकाच बाजूला झुकलेली असते.

सोसायटीतही नेमकं हेच घडतं. समजा चिठ्ठ्यांचा कंटाळा करून कोणी सकाळी अकराला फिरलं आणि जी 60 दारं उघडली त्यांचीच उत्तरं घेतली. त्या वेळी घरी असतात ते निवृत्त लोक, म्हणजे बहुतेक लहान घरं. दोन माणसांच्या घराला मीटर परवडतो, सहा माणसांच्या घराला तो महागात पडतो.

हे घडलंय का ते सभासदांच्या यादीवरून तपासता येतं. समजा 120 पैकी 48 घरं एक-दोन माणसांची आहेत, पण मिळालेल्या 60 उत्तरांत अशी घरं 36 निघाली. त्या 36 पैकी 30 ‘हो’ म्हणाली, आणि मोठ्या कुटुंबांच्या 24 पैकी फक्त 6. आता यादीतल्या खऱ्या संख्येने हिशोब मांडू. लहान 48 घरांतून याच प्रमाणात 40 ‘हो’, मोठ्या 72 घरांतून 18. एकूण 58, म्हणजे 48 टक्के. बहुमत गेलं!

दुरुस्तीचं सूत्र यातलं काहीच पकडू शकत नाही. 60 उत्तरं कशी गोळा झाली हे त्याला ठाऊक नसतं. ते मर्यादा 8.8 वर आणतं, आणि चुकीच्या आकड्याभोवतीचा पट्टा उलट जास्त खात्रीचा वाटू लागतो. अशा वेळी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून राहिलेल्या घरांची यादी काढावी. वरच्या उदाहरणात उरलेल्या 60 घरांपैकी 48 मोठ्या कुटुंबांची आहेत. त्यातून चिठ्ठ्यांनी वीसेक घरं निवडायची, आणि तिथे रात्री आठनंतर जायचं.