नैतिक प्रेरणा : अंतर्वाद आणि बहिर्वाद

एखादे कृत्य योग्य आहे असे मनाने ठरवलेल्या माणसाला ते करण्याकडे जी ओढ वाटते, तिला नीतिमीमांसेत नैतिक प्रेरणा म्हणतात. ही ओढ कुठून येते, याविषयी दोन पक्ष आहेत. नैतिक निवाडा मनापासून केला की ओढ त्याच्या पोटातच येते, तिला वेगळे कारण लागत नाही, असे मानणारा पक्ष म्हणजे अंतर्वाद. निवाडा हे केवळ ज्ञान आहे आणि त्यानुसार वागण्याची ओढ सहानुभूती, संस्कार किंवा योग्य वागण्याची इच्छा अशा निवाड्याबाहेरच्या गोष्टींतून यावी लागते, असे मानणारा पक्ष म्हणजे बहिर्वाद. ही ओढ प्रत्येक वेळी जिंकलीच पाहिजे, असे अंतर्वादीही म्हणत नाहीत. ती असली पाहिजे, मग मोह किंवा भीती तिच्यावर मात करो, एवढेच त्यांचे म्हणणे असते. विसाव्या शतकाच्या मध्यास फॉक आणि फ्रँकेना यांच्या लेखांतून या भेदाला आजचे रूप आले.

या वादाच्या मुळाशी डेव्हिड ह्यूमचा एक युक्तिवाद आहे. १७३९–४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभावावरील ग्रंथात त्याने असे मांडले की, नुसती बुद्धी माणसाला कृतीस प्रवृत्त करू शकत नाही. नीती मात्र प्रवृत्त करते. म्हणून नीती ही नुसत्या बुद्धीची निष्पत्ती असू शकत नाही. यातून तीन विधाने समोर येतात. नैतिक निवाडा ही एक समजूत आहे, जी खरी किंवा खोटी असू शकते. नैतिक निवाडा स्वतःच्या बळावर प्रवृत्त करतो. समजूत मात्र इच्छेच्या जोडीशिवाय प्रवृत्त करू शकत नाही. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि कोणते सोडायचे यावर पुढचे सारे मतभेद उभे आहेत. नैतिक निवाडा म्हणजे भावनेचा उद्गार असे मानणाऱ्या एअर आणि स्टीव्हन्सन यांच्यासारख्या भावनावाद्यांनी पहिले विधान सोडले, बहिर्वादी दुसरे सोडतात, तर १९७० मध्ये परार्थबुद्धीवर लिहिताना टॉमस नेगेलने तिसऱ्याला हात घातला.

अंतर्वादावर पहिला आक्षेप सर्वांनाच सुचतो : कळते पण वळत नाही, असे तर रोजच घडते. धर्म काय ते जाणतो, पण त्याकडे माझी प्रवृत्ती होत नाही, हे दुर्योधनाच्या तोंडी घातलेले वचन याच अनुभवाचे आहे. परंतु दुबळ्या मनाचे उदाहरण येथे पुरत नाही, कारण ज्याला वळत नाही त्याला बहुधा टोचणी लागलेली असते, आणि ती टोचणी म्हणजेच हरलेली प्रेरणा. खरा आक्षेप अनीतिवाद्याचा आहे. योग्य काय ते त्याला पूर्ण कळते, तो तसे प्रामाणिकपणे म्हणतो, आणि त्याला त्याचे काहीच वाटत नाही. १९५२ मध्ये हेअरने अशा माणसाचे ‘योग्य’ हे जणू अवतरणचिन्हातले आहे असे सुचवले, म्हणजे तो केवळ इतर लोक ज्याला योग्य म्हणतात त्याची नोंद देतो. १९८६ मध्ये डेव्हिड ब्रिंकने उलट म्हटले की, अशा माणसाची कल्पना आपल्याला विनासायास करता येते आणि व्याख्येच्या जोरावर त्याला हद्दपार करणे म्हणजे प्रश्न न सोडवता पुसून टाकणे होय. या टप्प्यावर दोन्ही बाजू आपल्याला सहज काय पटते याचाच दाखला देत थांबतात.

प्रत्येक निवाड्यामागे ओढ असतेच, हे कडक रूप मात्र खऱ्या आयुष्यापुढे टिकत नाही. मायकेल स्टॉकरने १९७९ मध्ये दाखवून दिले की खोल निराशेत बुडालेल्या, थकून गेलेल्या माणसाला काय चांगले ते स्वच्छ दिसत असूनही त्यासाठी हात उचलावासा वाटत नाही. त्याचे निवाडे खोटे झालेले नसतात, ओढ आटलेली असते. म्हणून आजचे बहुतेक अंतर्वादी सौम्य रूप स्वीकारतात. मायकेल स्मिथने १९९४ मध्ये ते असे मांडले : अमुक करणे योग्य आहे असा निवाडा करणाऱ्याला ते करण्याची ओढ असते, नाहीतर त्याच्या व्यावहारिक विवेकात काहीतरी बिघाड असतो. या रूपाच्या समर्थनार्थ स्मिथने जो युक्तिवाद दिला, तो अनीतिवाद्याकडे न पाहता चांगल्या माणसाकडे पाहतो, आणि मला वादाची खरी कसोटी तेथेच दिसते.

एक उदाहरण घेऊ. एक माणूस आपली जुनी गाडी विकायला काढतो. सपाट रस्त्यावर तिचे ब्रेक नीट लागतात; पण लांब उतारावर ते पुन्हा पुन्हा दाबले की ओलावा शोषलेले जुने ब्रेक ऑइल तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडते आणि गाडी लवकर थांबत नाही. छोट्याशा चाचणीफेरीत हे कळत नाही. गाडी पारखून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे, असे या विक्रेत्याचे मत आहे, आणि गप्प राहताना त्याला कसलीच टोचणी नाही. संध्याकाळी मित्राशी बोलणे होते, त्याचे मत बदलते आणि सांगितलेच पाहिजे असा निवाडा तो करतो. माणूस चांगला आणि खंबीर असेल, तर दुसऱ्या दिवशी तो घेणाऱ्याला फोन करतो. निवाडा फिरला आणि त्याच्या मागोमाग ओढही फिरली. हे एकदाच नाही, तर अशा माणसाच्या बाबतीत भरवशाने घडते. स्मिथ विचारतो : या भरवशाचा उलगडा कसा करायचा?

अंतर्वादाला उत्तर सोपे आहे : ओढ निवाड्यातूनच निघते. बहिर्वादाला म्हणावे लागते की विक्रेत्याच्या मनात ‘जे योग्य असेल ते करावे’ अशी एक कायमची सर्वसाधारण इच्छा होती. नव्या निवाड्याने फक्त तिचा विषय बदलला. स्मिथचा आक्षेप या उत्तरावर आहे. चांगल्या माणसाला उतारावरून गाडी नेणाऱ्याच्या जिवाची काळजी असते, ‘योग्य’ या शिक्क्याची नव्हे. ज्याची सारी कळकळ शिक्क्यापासून उसनी घेतलेली आहे, त्याने नीतीची मूर्तिपूजा मांडली आहे, असे स्मिथ म्हणतो. बर्नार्ड विल्यम्सने बुडणाऱ्या पत्नीला वाचवणाऱ्याविषयी असेच म्हटले होते : ती माझी पत्नी आहे आणि अशा वेळी पत्नीला वाचवणे नीतीला मान्य आहे, असा विचार ज्याला करावा लागतो, त्याच्या मनात एक विचार जास्तीचा आहे.

युक्तिवाद प्रभावी आहे. पण विक्रेत्याचे मत नेमके कसे बदलले, हे स्मिथच्या मांडणीत अस्पष्टच राहते, आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. मत बदलण्याच्या दोन वाटा असू शकतात. पहिल्या वाटेत मित्र त्याला उतारावरचे दृश्य डोळ्यांपुढे उभे करून दाखवतो : मागच्या सीटवर मुले आहेत, पेडल तळाशी गेले आहे आणि पुढे वळण आहे. विक्रेत्याला धोका दिसतो आणि तो हलतो. मात्र येथे त्याला हलवले ते धोक्याच्या दर्शनाने. ‘म्हणून सांगणे योग्य’ हा निवाडा त्याने उच्चारला नसता, तरी तो बहुधा हललाच असता. ओढ आणि निवाडा या दोन्ही गोष्टी तिसऱ्याच एका गोष्टीतून जन्मल्या. त्यामुळे ओढ निवाड्यातून आली, हे या वाटेवरून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या वाटेत मित्र कारण सांगत नाही, किंवा सांगितलेले कारण विक्रेत्याच्या गळी उतरत नाही. पण मित्राच्या नैतिक दृष्टीवर त्याचा अनुभवाने आलेला विश्वास आहे. हा म्हणतो चूक आहे, म्हणजे चूक असणार, असे ठरवून तो फोन उचलतो. निवाडा तोच, कृतीही तीच. पण येथे त्याला काय हलवते? ज्याचे महत्त्व त्याला अजून दिसलेलेच नाही, त्याविषयी त्याच्या मनात थेट कळकळ एका रात्रीत उमलली, हे पटण्यासारखे नाही. त्याला चालवते ती योग्य तेच करण्याची सर्वसाधारण इच्छाच, आणि त्या इच्छेत मला मूर्तिपूजा दिसत नाही. आपली नजर अपुरी आहे हे ओळखणाऱ्या माणसाला तीच आधार देते. हॅलव्हर्ड लिलेहॅमरने १९९७ मध्ये स्मिथला दिलेले उत्तर याच दिशेचे होते : थेट कळकळ विझते किंवा डगमगते, तेव्हा योग्य वागण्याची इच्छा माणसाला सावरते. शिवाय अशा इच्छेने सुरू झालेली काळजी कायम उसनीच राहते असेही नाही. फोनवर घेणाऱ्याचा आवाज ऐकल्यावर ती त्या माणसाविषयीची खरी काळजी होऊ शकते.

स्मिथकडे या वाटेसाठीही उत्तर आहे. ‘सांगणे योग्य आहे’ याचा अर्थच त्याच्या मते असा की, मी पूर्ण विवेकी असतो तर मी सांगावे अशी माझी इच्छा असती. ही समजूत असूनही तशी इच्छा नसणे ही मनातली विसंगती आहे, आणि विवेकी मन विसंगती दूर करू पाहते. म्हणजे मित्राच्या शब्दावरून बनलेला निवाडाही इच्छा घडवू शकतो. हे उत्तर मूर्तिपूजेच्या आक्षेपापेक्षा कितीतरी भक्कम आहे, मात्र त्याचा सगळा भार ‘योग्य’चा अर्थ विवेकाशी बांधण्यावर पडतो, आणि बहिर्वादी नेमके तेच नाकारतो.

मेंदूच्या अभ्यासातूनही या वादात पुरावा आणला गेला आहे. १९८५ मध्ये एस्लिंगर आणि दमासिओ यांनी एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. गाठ काढताना त्याच्या कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, आतल्या भागाला इजा झाली होती. त्याची बुद्धी चाचण्यांत शाबूत होती, पण त्याचे व्यवहार आणि संसार कोलमडले. अशा रुग्णांना कागदावरच्या सामाजिक आणि नैतिक प्रश्नांची उत्तरे नीट देता येतात. २००३ मध्ये अदिना रॉस्किस यांनी त्यांना अंतर्वादाविरुद्धचे जिवंत उदाहरण म्हणून पुढे केले. तरी हा पुरावा मर्यादित आहे. ‘अशा वेळी काय करावे’ याचे कागदी उत्तर देणे आणि ‘मी आत्ता हे केले पाहिजे’ असा निवाडा करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय या रुग्णांचे साध्या कामांचे निर्णयही बिघडलेले असतात, त्यामुळे सौम्य अंतर्वादी त्यांना व्यावहारिक विवेकातल्या बिघाडाचेच उदाहरण म्हणू शकतो.

जे योग्य आहे ते कळल्यावर माणसाने हलावेच का, या प्रश्नाला दोन्ही पक्ष देतात ती उत्तरे एकाच ठिकाणी अगदी वेगळी पडतात. समजा, तो विक्रेता पूर्ण पटल्यावरही शांतपणे गप्प बसला. बहिर्वादी म्हणेल, तो निर्दय आहे, त्याचा दोष काढायला हवा, पण त्याच्या विचारात तर्काची चूक असलीच पाहिजे असे नाही, आणि त्याला हलवायचे तर सहानुभूती जागी करावी लागेल. स्मिथ म्हणेल, तो निर्दय तर आहेच, शिवाय स्वतःशीच विसंगत आहे, पुरावा मान्य करून निष्कर्ष नाकारणाऱ्यासारखा. हा दुसरा आरोप ठेवायचा असेल, तर सर्व विवेकी माणसांच्या इच्छा, कितीही वेगळ्या स्वभावांतून निघाल्या तरी, पुरेशा विचारानंतर या विषयात एकाच ठिकाणी येऊन मिळतील, हे दाखवावे लागते. ते नुसत्या सुसंगतीच्या नियमांतून निघते की त्यात चांगल्या माणसाच्या इच्छा आधीच मिसळलेल्या असतात, यावर आज अंतर्वादाच्या बाजूने आणि विरुद्ध खरे काम चालू आहे.