कार्बापेनिमेज तपासणी: कोणत्या जिवाणूची करायची, डिस्क कशा लावायच्या, नोंद काय ठेवायची

मेरोपेनेमच्या डिस्कभोवतीचा झोन लहान आला म्हणजे जिवाणू कार्बापेनिमेज, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं मोडणारं एन्झाइम, तयार करतोच असं नाही. त्याच्या भिंतीतली पोरिन नावाची दारं बंद झाली आणि सोबत अँप-सी एन्झाइम भरपूर असलं, तरी झोन आखडतो. उलट ऑक्सा-४८ हे कार्बापेनिमेज असलेला जिवाणू कधीकधी 'सेन्सिटिव्ह'च्या हद्दीत बसतो. म्हणून चाळणीसाठी लावायची हद्द औषधोपचाराच्या हद्दीपेक्षा कडक ठेवलेली असते.

पात्र कोण?

क्लेबसिएला, ई. कोलाय, एंटेरोबॅक्टर अशा एंटेरोबॅक्टेरेलीस गटातले जिवाणू. युकास्टच्या मार्गदर्शिकेनुसार १० मायक्रोग्रॅम मेरोपेनेम डिस्कचा झोन २८ मिमीपेक्षा कमी असेल, तर आयसोलेट संशयित धरून पुढे न्यायचा. चाळणीसाठी इमिपेनेम नको. प्रोटियस आणि मॉर्गनेला यांचा त्याला मुळातच थोडा विरोध असतो, त्यामुळे संशयितांची यादी उगाच वाढते. स्युडोमोनासला खाली दिलेले आकडे लावू नयेत.

सोबत काय हवं?

नमुन्याचा प्रकार, घेतल्याची तारीख, जिवाणूची पक्की ओळख आणि पहिल्या सेन्सिटिव्हिटीचे झोन मिमीमध्ये. नुसतं 'आर' किंवा 'एस' लिहून आलेला कागद इथे निरुपयोगी, आकडाच हवा. डिस्कचा लॉट क्रमांक आणि त्या दिवशीच्या कंट्रोल स्ट्रेनची वाचनंही त्याच पानावर नोंदवावीत. केपीसी, एनडीएम आणि ऑक्सा-४८ या तीन कार्बापेनिमेजचा प्रत्येकी एक ज्ञात स्ट्रेन आणि एक निगेटिव्ह, एवढे कंट्रोल पुरेत.

प्रक्रिया

ताज्या, शुद्ध कल्चरपासून ०.५ मॅकफर्लंडचं द्रावण करून म्युलर-हिंटन अगारवर लॉन पसरायचा. त्यावर चार डिस्क: एक नुसती मेरोपेनेमची आणि बाकी तीन मेरोपेनेमसोबत बोरॉनिक अ‍ॅसिड, डायपिकोलिनिक अ‍ॅसिड आणि क्लोक्सासिलिन असलेल्या. शिवाय ३० मायक्रोग्रॅमची टेमोसिलिन डिस्क. ३५ अंश सेल्सियसला सुमारे १८ तास ठेवून झोन मोजायचे.

वाचताना एकच प्रश्न विचारायचा: इनहिबिटर जोडल्यावर झोन किती वाढला? बोरॉनिकने ४ मिमी किंवा जास्त वाढला आणि क्लोक्सासिलिनने वाढला नाही, तर केपीसी. दोन्हींनी वाढला, तर अँप-सी आणि पोरिनचा मामला, कार्बापेनिमेज नाही. क्लोक्सासिलिनची डिस्क फाजील वाटून गाळणारे याच ठिकाणी फसतात, कारण बोरॉनिक अ‍ॅसिड अँप-सीलाही अडवतं. डायपिकोलिनिकने ५ मिमी किंवा जास्त वाढला, तर एनडीएमसारखं मेटॅलो एन्झाइम, कारण हे अ‍ॅसिड त्या एन्झाइमला लागणारं झिंक काढून घेतं. त्याऐवजी ईडीटीए वापरणार असाल, तर नुसत्या ईडीटीएची डिस्कही शेजारी लावा. ते स्वतःच काही जिवाणूंची वाढ रोखतं आणि खोटी वाढ दाखवतं.

ऑक्सा-४८ ला पकडणारा इनहिबिटर या संचात नाही. तिथे टेमोसिलिनचा आधार: कुठल्याच इनहिबिटरने झोन वाढला नाही आणि टेमोसिलिनचा झोन ११ मिमीपेक्षा कमी असेल, तर ऑक्सा-४८ चा संशय. पण हा संशयच, कारण टेमोसिलिनला मेटॅलो एन्झाइमही निकामी करतं.

एक उदाहरण

रक्तातून वाढलेला क्लेबसिएला. मेरोपेनेम ८ मिमी, बोरॉनिकसह ८, क्लोक्सासिलिनसह ८, डायपिकोलिनिकसह १०, टेमोसिलिनला झोनच नाही. सरळ वाचलं तर ऑक्सा-४८. पण सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टमलाही झोन नव्हता. अ‍ॅव्हिबॅक्टम ऑक्सा-४८ ला अडवतं, मेटॅलोला नाही. मग डायपिकोलिनिकने झोन ५ मिमी का वाढला नाही? कारण एनडीएम थांबलं, तरी सोबतचं ऑक्सा-४८ मेरोपेनेम मोडतच राहिलं. इम्युनोक्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर दोन्ही रेघा उमटल्या. केपीसी आणि मेटॅलो एकत्र असले, तरी अशीच गल्लत होते: एकाला अडवलं की दुसरं काम चालू ठेवतं.

म्हणून 'कुठेच वाढ नाही' याचा अर्थ 'कार्बापेनिमेज नाही' असा लावू नये. अशा आयसोलेटचा रिपोर्ट 'फिनोटाइपवरून प्रकार ठरला नाही, जनुक किंवा पट्टी चाचणी आवश्यक' असा द्यावा, आणि मूळ झोन त्याखाली लिहावेत. मेरोपेनेमचा प्राथमिक निकाल मात्र त्यासाठी अडवून ठेवू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो त्याच दिवशी फोनवर सांगावा.