स्क्रीन संथ आणि जॉबला उशीर: दोन वेगळी दुखणी

महिनाअखेरीच्या सुमारास मला दोन फोन आले. पहिला काही दिवस आधी, डिस्पॅचमधून होता: "साहेब, गाडी गेटवर उभी आहे आणि स्क्रीन अजून फिरतेच आहे." दुसरा महिनाअखेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंट्समधून, की रात्रीचा जॉब तासाभराहून जास्त उशिरा संपला. दोघांच्याही तोंडी शब्द एकच, "सिस्टिम स्लो आहे." दोन्ही तक्रारी एकाच टेबलाबद्दल होत्या, त्यामुळे कारणही एकच असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. पण संथ स्क्रीनवर एक माणूस एका उत्तराची वाट पाहत असतो. रात्रीच्या जॉबमध्ये लाखो छोटी कामं एकामागून एक होतात, आणि बऱ्याचदा ती सुरूच व्हायला उशीर झालेला असतो. आमची सिस्टिम सॅप ईसीसी आणि खाली ओरॅकल डेटाबेस, म्हणून पुढचे तपशील त्यातलेच.

आधी स्क्रीन. गाडी नंबर टाकला की त्या गाडीचे डिस्पॅच दाखवणारा तो आमचा स्वतःचा रिपोर्ट. टेबलात सुमारे ८० लाख ओळी आणि प्रायमरी की क्लायंट, डिस्पॅच नंबर, आयटम अशी. म्हणजे गेटवरचं रजिस्टर डिस्पॅच नंबराच्या क्रमाने लिहिलंय आणि आपण मात्र गाडी नंबर विचारतोय. मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळण्यावाचून गत्यंतर नसतं. ST05 मध्ये फक्त त्या एका युजरवर एसक्यूएल ट्रेस लावला, त्याला एकदा रिपोर्ट चालवायला सांगितला आणि ट्रेस लगेच बंद केला. ट्रेसमधल्या एकाच ओळीने जवळजवळ सगळा वेळ खाल्ला होता: १४ सेकंद, आणि टेबलातून हाती आलेल्या ओळी जेमतेम ४०. एक्स्प्लेन पाहिलं तर `TABLE ACCESS FULL`. इंडेक्स नसल्याची खूण हीच, की हाती येतं मूठभर आणि त्यासाठी चाळलं जातं सगळं टेबल. ट्रेसमधला वेळ वाचताना एक पथ्य पाळा. रिपोर्ट लगेच दुसऱ्यांदा चालवला की ब्लॉक मेमरीत आलेले असतात आणि तो आपोआप भरभर चालतो. त्यावरून दुखणं बरं झालं असं समजू नका.

SE11 मध्ये क्लायंट, गाडी नंबर, तारीख या क्रमाने दुय्यम इंडेक्स केला. इथे क्रमाला महत्त्व आहे. आम्ही गाडी नंबर नेमका देतो आणि तारीख 'पासून-पर्यंत' अशी, म्हणून नेमकं फील्ड आधी. तारीख आधी ठेवली असती तर त्या मुदतीतल्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी चाळाव्या लागल्या असत्या. कुणीतरी स्टेटसवरही इंडेक्स करूया म्हणालं. स्टेटसच्या किमती तीनच आणि बहुतेक ओळी 'पूर्ण' झालेल्या, त्यामुळे ते सोडून दिलं.

प्लॅन `INDEX RANGE SCAN` झाला आणि १४ सेकंदांचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला लागलं. तरी एका शिफ्टची तक्रार चालूच होती. त्यांच्याजवळ जाऊन बसलो तेव्हा कळलं, की तिथला मुलगा पूर्ण नंबर टाकतच नव्हता. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे घेऊन तो `*4512` असं शोधत होता. डेटाबेसकडे ते `LIKE '%4512'` म्हणून जातं, आणि सुरुवातच माहीत नसेल तर गाडी नंबराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स नेमक्या जागी पोचवू शकत नाही. त्याची पद्धत त्याच्या कामाला धरूनच होती, कारण ड्रायव्हर तेवढेच आकडे सांगतो. म्हणून शेवटच्या चार आकड्यांचं वेगळं फील्ड केलं आणि त्यावर इंडेक्स दिला.

आता रात्रीचा जॉब. तो याच टेबलात ओळी भरतो, म्हणून साहजिकच बोट नव्या इंडेक्सकडे गेलं. शंका रास्त होती, कारण प्रत्येक नवी ओळ टेबलात आणि प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते. एखाद्या टेबलावर आठ-दहा इंडेक्स साठले की भरणा खरोखर मंदावतो. पण शंकेला आकडा हवा.

SM37 मध्ये दोन रकाने शेजारी-शेजारी असतात, ड्युरेशन आणि डिले, आणि लोक फक्त पहिला वाचतात. जॉबची वेळ रात्री १ची. एरवी तो ७० मिनिटं चालून २:१० ला संपतो, त्या रात्री ३:२० ला संपला. डिलेच्या रकान्यात ३,१८० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटं. जॉब मुळात सुरूच १:५३ ला झाला होता! वेळ टळूनही तो 'रेडी' अवस्थेत ताटकळत होता, कारण बॅकग्राउंडची एकही वर्क प्रोसेस मोकळी नव्हती. (शेड्युलर साधारण दर ६० सेकंदांनी पाहणी करतो, त्यामुळे मिनिटभराचा डिले दिसला तर घाबरू नका.) त्या वेळी काय चालू होतं ते SM37 मध्येच पाहिलं: महिनाअखेरीचे मोठे रिपोर्ट पाऊण वाजता एकदम सोडलेले, आणि त्यांनी सगळ्या जागा अडवलेल्या. या ५३ मिनिटांवर कुठलाच इंडेक्स इलाज नाही. ते रिपोर्ट आमचा जॉब संपल्यावर सुरू होतील असे त्याच्यामागे जोडले आणि प्रश्न मिटला.

उरली १७ मिनिटं. जॉब ७० ऐवजी ८७ मिनिटं चालला होता. इंडेक्सचा न्याय करायला इथे एकूण वेळ चालत नाही, दर ओळीचा वेळ काढावा लागतो. एरवी २.४ लाख ओळींना ७० मिनिटं, म्हणजे ओळीमागे १७.५ मिलिसेकंद. त्या रात्री ३ लाख ओळींना ८७ मिनिटं, म्हणजे १७.४. महिनाअखेरीला माल जास्त निघाला होता, एवढंच. इंडेक्स निर्दोष सुटला.

तरीही ओळीमागे साडेसतरा मिलिसेकंद हे मला फार वाटत होते. जॉब चालू असताना पाच मिनिटं ट्रेस घेतला. जास्त वेळ ठेवला तर फाइल भरून जुन्या नोंदी पुसल्या जातात. ट्रेसमध्ये १४ सेकंदांची ओळ कुठेच नव्हती. सगळ्या ओळी दोन मिलिसेकंदांच्या, इंडेक्स नीट वापरणाऱ्या, पण त्याच त्याच हजारो वेळा. कोडमध्ये असे तीन तुकडे सापडले:

```
LOOP AT lt_disp INTO ls_disp.
  SELECT SINGLE matkl FROM mara INTO lv_matkl
    WHERE matnr = ls_disp-matnr.
ENDLOOP.
```

२ मिलिसेकंद गुणिले ३ तुकडे गुणिले ३ लाख म्हणजे १,८०० सेकंद. तब्बल अर्धा तास डेटाबेसकडे फेऱ्या मारण्यातच गेला. सगळ्यात महागडी ओळ शोधायची सवय लागलेल्या माणसाच्या नजरेतून हे हमखास सुटतं, कारण इथे महाग ओळच नसते. म्हणून ट्रेसमध्ये एकेका ओळीचा वेळ पाहण्याऐवजी सारख्या स्टेटमेंटची बेरीज पाहायची.

३ लाख ओळींत वेगवेगळे माल-क्रमांक फक्त ९ हजार होते. ते लूपच्या आधी एकदाच `FOR ALL ENTRIES` ने वाचून हॅश्ड टेबलात ठेवले आणि लूपमध्ये मेमरीतून उचलले. बाकीचे दोन तुकडेही तसेच बदलले. यात एक खड्डा आहे. `lt_disp` रिकामं असेल तर `FOR ALL ENTRIES` मुळे `WHERE` मधल्या सगळ्याच अटी गळतात आणि क्लायंटचं सगळं `MARA` वाचलं जातं. म्हणून आधी `IF lt_disp IS NOT INITIAL` लावलं, नाहीतर ज्या रात्री डिस्पॅचच नसेल त्याच रात्री जॉब विनाकारण रखडला असता. पुढच्या महिनाअखेरीला जवळपास तेवढ्याच ओळी होत्या. जॉब १ वाजता सुरू झाला आणि २ वाजायच्या आत संपला.